दोष वेण्यांचा नव्हे

"मुलीच्या डोक्यात उवा झाल्यात, केस कापून पाठवा," असा निरोप काही शाळांतून अजून घरी येतो. लांब केस म्हणजे अस्वच्छता आणि अस्वच्छता म्हणजे उवा, असा त्यामागचा हिशोब. ऊ जगते रक्तावर, मळावर नव्हे. रोज न्हाणाऱ्या डोक्यातही ती सुखाने नांदते. तिला उडता येत नाही. एका पुस्तकावर तिघींची डोकी टेकली की ती या केसावरून त्या केसावर सरकते. शिवाय ती राहते टाळूलगत आणि लिखाही तिथेच चिकटवते. कमरेपर्यंतच्या वेणीचा तिला काय उपयोग? बॉबकट केला तरी टाळूजवळचा केस उरतोच. लांब केसांचा जाच होतो तो विंचरणाऱ्या आईला.

"औषध लावलं, तरी पुन्हा झाल्या," ही तक्रार मात्र खरी आहे. चुकतं ते वार मोजण्यात. एक टक्का परमेथ्रिनचं लोशन उवा मारतं, पण सगळ्या लिखा मारत नाही. त्या सात ते दहा दिवसांत फुटतात. म्हणून नवव्या दिवशी दुसरा हात हवा. तो राहिला की बाहेर पडलेली पिल्लं मोठी होऊन अंडी घालतात आणि खापर शेजारच्या बाकावर फुटतं.

औषध नको असेल तर नुसत्या फणीनेही भागतं. रविवारी केस धुवून ओल्या केसांना भरपूर कंडिशनर चोपडा. त्यात उवा पळत नाहीत. आधी कंगव्याने गुंता काढा. मग एकेक बट घेऊन बारीक दातांची फणी टाळूला टेकवा, टोकापर्यंत ओढा आणि दरवेळी पांढऱ्या फडक्यावर पुसा. कानांमागे आणि मानेवर जास्त वेळ द्या. दाट केसांना तास सहज जातो. मग गुरुवार, सोमवार, शुक्रवार हेच. गुरुवारी बारकी पिल्लं निघाली तर घाबरू नका, ती मागच्या लिखांतली. सोमवारी मात्र मोठी ऊ निघाली, तर ती एक तर आधी निसटलेली असते, नाहीतर दुसऱ्या डोक्यावरून आलेली. मग घरातल्या सगळ्यांची डोकी पाहा. शुक्रवारीही ऊ सापडली तर विंचरणं चालू ठेवा.

"खाजत नाही, म्हणजे उवा नाहीत," हेही खरं नाही. खाज येते ती उवेच्या लाळेच्या ॲलर्जीने. पहिल्या वेळी ती सुरू व्हायलाच महिना-दीड महिना लागू शकतो आणि उवा गेल्यावरही काही दिवस राहते. टाळूपासून बोटभर खाली दिसणाऱ्या पांढऱ्या लिखा बहुधा रिकामी टरफलं असतात. पुरावा एकच: फडक्यावर वळवळणारी ऊ.

रॉकेलने टाळू भाजते, सीताफळाच्या बियांची पूड डोळ्यात गेली तर बुबुळाला इजा होते. आजीचे असले तरी हे उपाय नकोत. खाजवून पुवाचे फोड आले, मानेमागे गाठी आल्या, तर डॉक्टरांना दाखवा. आणि शाळेने निरोप पाठवायचाच असेल तर तो वर्गातल्या सगळ्याच घरी पाठवावा: या रविवारी फणी फिरवा.