गीत कागदावर कसे पारखावे?

वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांच्यासारख्या शाहिरांची गीते पुस्तकात छापली जातात, तेव्हा त्यांना कविता म्हणावे काय, हा प्रश्न उपस्थित होतो. आदरापोटी होकार देणे किंवा 'ही तर गाणी' म्हणून बाजूला सारणे, दोन्ही सोपे आहे. माझ्या मते निवाडा प्रत्येक गीताचा स्वतंत्र व्हावा.

त्यासाठी चाल विसरून गीत संथपणे वाचावे. सुराने भरलेली जागा वाचताना रिकामी पडते. समजा, ओळ अशी आहे : 'पाटी आली हाती हो, वाट फुटली जी.' यातील 'हो' आणि 'जी' ही तालासाठीची भर. ती काढली तरी पाटी आणि वाट यांचे नाते मनात उरते. 'आनंद झाला हो, आनंद झाला जी' यातून तीच भर काढली, तर एक विधान आणि त्याची पुनरुक्ती एवढेच उरते.

मग ध्रुवपद पाहावे. प्रत्येक कडव्यानंतर त्याचा अर्थ थोडा पालटत असेल, तर कागदावरही ते पुन्हा वाचावेसे वाटते. मोठा अभंग वाचतानाही टिकतो, कारण सहा-सहा-सहा-चार अक्षरांची लय त्याच्या शब्दांतच बांधलेली असते.

तथापि कागदावर न टिकणारे गीत हलके ठरत नाही. रात्री मैदानात बसलेल्या, अक्षरओळख नसलेल्या श्रोत्यापर्यंत अर्थ पोहोचावा म्हणून दिलेला अवधी म्हणजे ती पुनरुक्ती. असे गीत संपादकाने गीत म्हणूनच, चालीच्या नोंदीसह छापावे. कवितेचा मान मात्र शब्दांनी कमावला असेल, तरच द्यावा.