चाळीस पैशांचा हिशेब

चंद्रपुरात संगणकाच्या मुलांना शिकवणाऱ्या एका गृहस्थांचे मत सध्या वर्गावर्गांत फिरते आहे. सुटे पैसे मोजताना मोठ्यात मोठे नाणे आधी उचलावे, उरलेल्या रकमेला तोच नियम लावावा, म्हणजे कमीत कमी नाणी लागतात. ही ग्रीडी रीत पुरेशी आहे. डायनॅमिक प्रोग्रॅमिंगचा तक्ता म्हणजे परीक्षेपुरता खटाटोप. ग्रीडी चुकते ती 1, 3, 4 अशा पुस्तकी नाण्यांत, खऱ्या चलनात नाही. तक्ता संथही असतो. आणि दुकानदार पिढ्यान्‌पिढ्या असेच करत आले आहेत.

‘खऱ्या चलनात नाही’ हे विधान सपशेल खोटे आहे, आणि ते खोटे ठरवणारे चलन आपल्याच खिशात होते. 1957 साली दशमान नाणी आली, त्यांत 10 आणि 25 पैसे होते. 1968 साली 20 पैशांचे पितळी नाणे निघाले. आता 40 पैसे द्यायचे आहेत असे धरा. ग्रीडी आधी 25 उचलते, मग 10, मग 5. तीन नाणी झाली. पण 20 आणि 20 दिले तर दोनच लागतात. 90 पैशांना ग्रीडी 50, 25, 10, 5 अशी चार नाणी मोजते, तिथे 50, 20, 20 अशी तीन पुरतात. 25 पैसे आणि त्याखालची नाणी 30 जून 2011 रोजी चलनातून गेली. म्हणजे चार दशकांहून अधिक काळ भारताच्या अधिकृत नाण्यांवर ही रीत चुकत होती. हे ठाऊक नसताना ‘पुस्तकी’ म्हणण्याचा अधिकार कुणी दिला?

दोष एकट्या 20चाही नाही आणि 25चाही नाही. 20 येण्याआधी 5, 10, 25, 50 यांवर ग्रीडी बिनचूक होती. दोष शेजारपणाचा आहे. 1975 साली सिद्ध झालेली एक सोपी कसोटी तो पकडते. लहान नाण्यांवर ग्रीडी बरोबर चालत असेल आणि वर नवे मोठे नाणे आले, तर त्याच्याखालच्या नाण्याची अशी पट घ्या, जी नव्या नाण्याइतकी किंवा त्याहून मोठी असलेली पहिलीच पट असेल. ती रक्कम देताना ग्रीडीला त्या खालच्या नाण्यांहून जास्त नाणी लागली तर व्यवस्था मोडते, नाहीतर टिकते. 10च्या वर 25 ठेवले तर ती पट 30, म्हणजे तीन दहा. ग्रीडी 25 आणि 5 अशी दोनच नाणी देते, म्हणून व्यवस्था टिकली. 20च्या वर 25 ठेवले तर पट 40, म्हणजे दोन वीस. ग्रीडीला तीन लागतात, म्हणून व्यवस्था मोडली.

जुन्या आण्यांबद्दलचा वाद इथे पुन्हा आठवतो. दशमान आले तेव्हा आण्यांचा हिशेब किचकट म्हणून हिणवला गेला. बेरजेला तो किचकट असेलही, पण पैसा, ढब्बू, आणा, चवली, पावली, अधेली, रुपया ही प्रत्येक पायरी आधीच्या पायरीच्या पटीत होती. तिथे ग्रीडी कधीच चुकली नसती, कारण एकाच जातीची पुरेशी नाणी जमली की त्यांच्या जागी वरचे एक नाणे बसते. 20 आणि 25 यांत ते बसत नाही.

संथपणाचा आक्षेप 40 पैशांपुरता तरी हास्यास्पद आहे. पाच-पाच पैशांनी गेले तर आठ घरे भरायची.

पिढ्यान्‌पिढ्यांच्या दुकानदारीचे उत्तर चंद्रपूरच्या आजच्या गोल बाजारात आहे. गल्ल्यात रुपया संपला आहे, दोनची आणि पाचची नाणी भरपूर आहेत, आणि सहा रुपये परत द्यायचे आहेत. सवयीने पाच दिले की एक उरतो आणि त्या रुपयाऐवजी गिऱ्हाइकाच्या हातावर गोळी पडते. दोनची तीन नाणी गल्ल्यातच असतात! इथे ग्रीडी जास्त नाणी देत नाही, ती उत्तरापर्यंत पोचतच नाही.

तक्ता वेगळे काय करतो? तो कोणत्याही नाण्याला आधीच मान देत नाही. शून्याला शून्य नाणी धरून तो लहान रकमेपासून वर चढतो आणि प्रत्येक रकमेला विचारतो: शेवटचे नाणे कोणते?

```
m[0] = 0
m[x] = 1 + min(m[x-c])
```

इथे `c` म्हणजे हाती असलेले, `x`हून मोठे नसलेले प्रत्येक नाणे. 15 ला दोन, 20 ला एक, 30 ला दोन, 35 ला दोन नाणी लागतात हे आधीच लिहिलेले असते. 40 वर आल्यावर शेवटचे नाणे 25 धरले तर मागे 15 उरतात, एकूण तीन. 20 धरले तर मागे 20, एकूण दोन. 10 किंवा 5 धरले तरी तीन. तक्ता दोन निवडतो. ग्रीडीने यांतला एकच रस्ता पाहिला होता. रुपया संपलेल्या गल्ल्यात 1 चे घर ‘अशक्य’ म्हणून राहते आणि 6 च्या घरात 4 वरून तीन येतात.

एका जातीची नाणी मोजकीच असतील तर हा साधा तक्ता पुरत नाही, कोणती किती वापरली याचीही नोंद ठेवावी लागते. पण नाणी कोणती आहेत हे न पाहता एकच रीत पुरते म्हणणे, आणि तेच मुलांना शिकवणे, मला मान्य नाही. आधी कसोटी लावा. नाणी तिला उतरली तर ग्रीडी खुशाल वापरा, नाही उतरली तर तक्ता मांडा.