किडनी थकली, गोळी मात्र जुनीच! मेडिकलमध्ये हे 4 प्रश्न विचाराच

पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात येणाऱ्या संग्रामपूर तालुक्यात किडनीच्या आजाराची चर्चा नेहमी पाण्याभोवती फिरते. ती व्हायलाच हवी. पण घरातल्या ज्येष्ठांच्या गोळ्यांच्या डब्याकडेही तितकंच लक्ष हवं. अनेक औषधं लघवीवाटे बाहेर पडतात. किडनीचं काम मंदावलं की तोच डोस शरीरात साचू लागतो.

क्रिएटिनिन फसवतं

समजा, 72 वर्षांच्या आजींचं क्रिएटिनिन 1.4 आहे. ‘थोडंच वाढलंय’ म्हणून घरचे निश्चिंत होतात. पण क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होतं आणि उतारवयात स्नायू कमी होतात. त्यामुळे किडनी बरीच थकली तरी आकडा लहानच दिसतो. वय आणि लिंग धरून काढलेला ईजीएफआर (eGFR) आजींच्या बाबतीत साधारण 40 येतो. तरुण, निरोगी व्यक्तीत तो 90 च्या वर असतो.

आता त्यांची शुगरची गोळी पाहू. ती सकाळ-संध्याकाळ एक घ्यायची असून प्रत्येकीत ग्लिमेपिराइड 1 आणि मेटफॉर्मिन 1000 मिलिग्रॅम आहे. म्हणजे दिवसाला मेटफॉर्मिन 2000 झालं. ईजीएफआर 30 ते 45 असताना ते सहसा 1000 पर्यंतच ठेवतात आणि 30 च्या खाली बंद करतात. साचलेल्या मेटफॉर्मिनमुळे क्वचित रक्तातील आम्ल धोकादायक वाढतं. मळमळ, धाप, कमालीचा थकवा ही त्याची लक्षणं. मात्र गोळी मनाने अर्धी करू नका. तिच्यात दोन औषधं आहेत, दोन्हींचं प्रमाण बदलेल. डोस डॉक्टरच बदलतील.

फार्मासिस्टला काय विचाराल?

सगळ्या पट्ट्या आणि ताजा रिपोर्ट सोबत न्या.

1. या ईजीएफआरला यातल्या कोणत्या गोळीचा डोस डॉक्टरांकडून तपासून घ्यावा?
2. वेगळ्या नावाच्या दोन गोळ्यांत एकच औषध आहे का?
3. गुडघेदुखीवर काय चालेल? डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन किडनीचा रक्तपुरवठा घटवतात. सोबत बीपीची टेल्मिसार्टनसारखी गोळी आणि लघवीची गोळी असेल, तर धोका आणखी वाढतो. अशा वेळी योग्य प्रमाणात पॅरासिटामॉल तुलनेने सुरक्षित.
4. उलट्या-जुलाब झाले तर कोणती गोळी थांबवण्याबाबत डॉक्टरांना लगेच विचारायचं?

रिपोर्ट काउंटरवर यायलाच हवा

रुग्णाला औषध समजावून सांगणं हे फार्मासिस्टचं कामच आहे. फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्स, 2015 मध्ये तसं नमूद आहे. पण रिपोर्ट न पाहता तो तरी काय सांगणार? म्हणून प्रत्येक लॅबने क्रिएटिनिनशेजारी ईजीएफआर छापावा आणि डॉक्टरांनी तो चिठ्ठीवर लिहावा. खारपाणपट्ट्यात तर हा नियमच व्हायला हवा. तोवर तो आकडा घरच्यांनीच चिठ्ठीच्या कोपऱ्यात तारखेसह लिहून न्यावा.