"ताई, फक्त दोन वाक्यं बोला!"

जयगडला माझ्या मावसभावाची छोटी खानावळ आहे. गेल्या मे महिन्यात तिथे गेले, तर दादा कोल्हापूरच्या एका पाहुण्या बाईंना कागद देऊन मोबाईलसमोर उभं करत होता. "येथील सेवा उत्कृष्ट असून जेवण अत्यंत रुचकर आहे. एकदा अवश्य भेट द्या." पाच वेळा घेतलं. एरवी धबाधबा बोलणाऱ्या बाई शाळेतली प्रतिज्ञा म्हटल्यासारख्या बोलत होत्या आणि दर चार शब्दांनी नजर कागदाकडे!

माझं मत स्पष्ट आहे. ग्राहकाला वाक्यं लिहून द्यायची नाहीत. ती वाक्यं तुमची असतात, तोंड फक्त त्याचं. आणि बघणाऱ्याला ते लगेच कळतं.

मग मी मध्ये पडले. अंगणात खाडीचा वारा माईकमध्ये नुसता फडफडत होता, म्हणून बाईंना आत खिडकीशी बसवलं. पंखा बंद. मोबाईल त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवला आणि मी त्याला अगदी चिकटून बसले, म्हणजे त्या यंत्राशी नाही, माझ्याशी बोलतील. माझे प्रश्न नंतर कापले जाणार, म्हणून उत्तर पूर्ण वाक्यात द्या, एवढंच सांगितलं.

"जेवण कसं होतं?" असं विचारलं की "छान" एवढंच मिळतं. मी विचारलं, "आलात त्या दिवशी काय झालं?"

"तवसाळहून फेरीबोटीनं आलो, पोचायला साडेतीन वाजले. सासऱ्यांना साखर आहे, उपाशी राहून चालत नाही. सगळीकडं जेवणं आटपलेली. ह्यांनी आधी त्यांना भाकरी-पिठलं दिलं आणि मग आमच्यासाठी भात टाकला."

मी लगेच पुढचा प्रश्न टाकला नाही. थोडं गप्प राहिलं की माणूस खरं ते बोलतो. बाई हसून म्हणाल्या, "पण सोलकढी लई तिखट होती हो, पोरगं प्यालंच नाही."

दादा म्हणाला, "ते काप!"

नाही कापलं. अडखळणं कापावं, तेच तेच बोललेलं कापावं. "पण" कापला की मत बदलतं. त्या तिखट सोलकढीमुळेच तर साडेतीनची भाकरी खरी वाटते! आणि २०२२ पासून केंद्राच्या जाहिरातविषयक मार्गदर्शक तत्त्वांतही हेच आहे: शिफारस करणाऱ्याचं मत प्रामाणिक आणि पुरेशा माहितीवर किंवा अनुभवावर आधारलेलं हवं. दादा बिल माफ करायला निघाला होता, तेही थांबवलं. फुकट जेवून केलेलं कौतुक असेल, तर ते फुकटपण व्हिडिओत सांगावं लागेल. सांगशील?

शेवटी त्याला एकच विचारलं, "उद्या साडेतीनला कोणी आलं तर भाकरी मिळेल?" तो जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "पीठ असतंच. मिळेल."

तेव्हाच व्हिडिओ लावला. चाळीस सेकंदांचा. सोलकढीसकट.