नंबर कोल्हापूरचा नाही, उलटा फोन लावू नका!

रात्री फोन एकदाच वाजला, उचलेपर्यंत बंद पडला आणि मिस्ड कॉलमध्ये +231 किंवा +253 ने सुरू होणारा नंबर दिसला, तर कृपया त्यावर उलटा फोन लावू नका. कोल्हापूरचा एसटीडी कोड 0231 आणि नाशिकचा 0253, त्यामुळे नजर फसते. पण + नंतर 91 नसेल, तर तो नंबर भारतातला नाही. +231 म्हणजे लायबेरिया, +253 म्हणजे जिबूती.

या फसवणुकीला जपानी नाव आहे, ‘वांगिरी’: एकदा वाजवा आणि तोडा. यंत्र एका रात्रीत हजारो नंबर फिरवतं. न उचललेल्या फोनचं बिल लागत नाही, म्हणून गळ टाकायला जवळजवळ काहीच खर्च येत नाही. आणि आपल्याकडे मिस्ड कॉल म्हणजे ‘तू लाव’ असा निरोपच असतो!

तुम्ही उलटा फोन लावलात की तुमची मोबाइल कंपनी तो परदेशी कंपनीकडे सोपवते आणि पोहोचवण्याचं शुल्क दर मिनिटाला देते. भामट्यांनी मुद्दाम महाग शुल्काचे नंबर भाड्याने घेतलेले असतात आणि त्या शुल्कात त्यांचा वाटा ठरलेला असतो. म्हणजे तुम्ही जितका वेळ थांबाल तितकी त्यांची कमाई. म्हणून पलीकडे संगीत वाजतं, ‘कृपया थांबा’ ऐकू येतं. सगळ्यात लबाड प्रकार म्हणजे फोन उचलल्यानंतर रिंगचाच आवाज ऐकवणं. तुम्हाला वाटतं, अजून कोणी उचललेलं नाही. अशा वेळी कानावर नव्हे, पडद्यावर विश्वास ठेवा. सेकंद मोजले जायला लागले की मीटर सुरू झालं, लगेच फोन तोडा. समजा, दर मिनिटाला ६० रुपये असेल, तर तीन मिनिटांच्या ‘रिंग’चे १८० रुपये झाले. ‘अनलिमिटेड’ पॅकमध्ये आयएसडी सहसा धरलेलं नसतं.

मिस्ड कॉल नुसता आल्याने पैसे जात नाहीत. उलटा फोन लावला की तीन सेकंदांत बँकेची माहिती चोरतात, हा व्हॉट्सअॅपवरचा निरोप खोटा आहे; तो पुढे पाठवू नका.

मुलं अमेरिकेत असलेल्या आईवडिलांनी जास्त जपावं. +1 हा कोड कॅरिबियन बेटांचाही आहे: +1 473 ग्रेनेडा, +1 876 जमैका. मुलांचे नंबर नावानिशी साठवून ठेवा. नाव दिसलं नाही तर आधी साठवलेल्या नंबरावरच विचारा.

परदेशी फोन लावत नसाल, तर कंपनीला सांगून आयएसडी आजच बंद करून घ्या, विशेषतः पोस्टपेड असेल तर, कारण तिथे फटका महिनाअखेरीला कळतो. फोन लावून बसला असाल, तर नंबर, वेळ आणि किती मिनिटं चालला ते लिहून घ्या, कंपनीकडे लेखी तक्रार करा आणि संचार साथी पोर्टलवरच्या ‘चक्षू’मध्ये तो नंबर कळवा.