पगार सातला, व्याजाची वेळ पाचला!

मांजरीहून हडपसर-मगरपट्ट्याला पार्ट-टाइम जॉबला जाता? घरच्यांच्या आग्रहाने पीपीएफ खातंही उघडलंय? मग एकदा पासबुक उघडा आणि बघा, पैसे ५ तारखेपर्यंत जमा झालेत की नंतर?

कारण पीपीएफचं व्याज रोजच्या शिलकीवर मिळत नाही. महिन्याची ५ तारीख संपल्यापासून महिनाअखेरपर्यंत खात्यात जी सगळ्यात कमी शिल्लक असेल, तिच्यावरच त्या महिन्याचं व्याज मोजतात. ४ तारखेला भरलेले हजार रुपये त्यात धरले जातात. ६ तारखेला भरले, तर ५ ला ते खात्यात नव्हतेच. म्हणजे पुढचे तीन-साडेतीन आठवडे पैसे सरकारकडे, पण त्यांच्यावर व्याज शून्य!

७.१ टक्के दर धरला, तर हजारावर महिन्याचे साधारण सहा रुपये बुडतात. वर्षभर दरमहा असंच झालं, तर ७१ रुपये. तुम्ही म्हणाल, एवढ्याने काय होतं? पण उद्या चांगली नोकरी लागली आणि वर्षाला दीड लाखाची कमाल रक्कम दरमहा साडेबारा हजारांनी भरू लागलात, तर हाच तोटा वर्षाला ८८७ रुपयांवर जातो. दर तोच राहिला, तर पंधरा वर्षांत व्याजावरच्या व्याजासकट साधारण २२ हजार!

माझं म्हणणं असं, की हा नियम आता बदलायला हवा. बँकेच्या बचत खात्यातही पूर्वी १० तारखेपासून महिनाअखेरपर्यंतची किमान शिलकच धरत. रिझर्व्ह बँकेने १ एप्रिल २०१० पासून तिथे रोजच्या शिलकीवर व्याज सुरू केलं. मग पीपीएफलाच जुना हिशेब का? त्यात पगार ७ तारखेपर्यंत द्यायला कायद्याची मुभा आहे. म्हणजे मालक वेळेत पगार देतो, कामगार लगेच पैसे भरतो, तरी व्याज हुकतं. ज्याच्याकडे आधीच पैसे शिल्लक आहेत, त्याला मात्र काहीच अडचण नाही.

नियम बदलेपर्यंत काय करायचं? पगार ७ ला होत असेल, तर ८ ला भरायची घाई नको. ८ ला भरा किंवा पुढच्या महिन्याच्या ३ ला, पीपीएफचं व्याज सारखंच. मधल्या काळात पैसे बचत खात्यात ठेवा. तिथलं थोडं व्याज मिळेल आणि अडीनडीला हाताशीही राहतील. फक्त ते खर्चून टाकू नका! ऑटो-डेबिटची तारीखही १ ते ३ मधली ठेवा, म्हणजे मध्ये सुट्टी आली तरी ५ ची वेळ चुकणार नाही.

अपवाद मार्चचा. त्या वर्षाचे किमान ५०० रुपये भरायचे राहिले असतील, तर एप्रिलची वाट बघू नका. ते ३१ मार्चच्या आत भरायलाच हवेत, नाहीतर खातं बंद पडतं.