लेणी रिकामी कधी झाली?

बौद्ध धर्म ज्या देशात जन्मला तिथूनच तो का नाहीसा झाला, या प्रश्नाचे उत्तर आपल्याकडे प्रत्येकाच्या खिशात तयार असते. कुणी म्हणतो, मुसलमानांच्या तलवारीने. कुणी म्हणतो, ब्राह्मणांनी संपवला. तिसरा म्हणतो, भिक्खूच ऐषआरामी झाले. मी उर्दू आणि मराठी शिकवणारा माणूस. नववी-दहावीची मुलेसुद्धा हा प्रश्न विचारतात, आणि विचारताना माझ्या नावाकडे बघूनच विचारतात. डाळजसारख्या गावात बौद्ध, मुस्लिम, मराठा, धनगर अशी सगळी घरे एकमेकांच्या सुखदुःखात असतात. तिथे या प्रश्नाचे चुकीचे उत्तर पुस्तकात पडून राहत नाही, ते शेजारधर्मात येते. म्हणून या उत्तरांची एकदा नीट पारख करावी असे वाटते.

मुसलमान म्हणून सर्वांत अवघड गोष्ट आधी सांगतो. इ.स. 1200 च्या आसपास बख्तियार खिलजीने बिहारमधल्या एका महाविहारावर हल्ला केला आणि तिथल्या मुंडण केलेल्या साधूंची कत्तल झाली. ही गोष्ट कुण्या विरोधकाने रचलेली नाही. मिन्हाज-ए-सिराज या मुस्लिम इतिहासकाराने आपल्या ‘तबकात-ए-नासिरी’त ती स्वतः लिहून ठेवली आहे. ज्याला ते किल्ला समजत होते तो मुळात मदरसा होता, तिथे पुस्तके सापडली, पण ती वाचून अर्थ सांगायला कुणी उरले नव्हते, असे तो सांगतो. बहुतेक अभ्यासक ही जागा म्हणजे उदंतपुरी मानतात. त्यानंतर तीसेक वर्षांनी धर्मस्वामी हा तिबेटी भिक्खू नालंदेला आला, तेव्हा नव्वदी ओलांडलेले राहुल श्रीभद्र सत्तरेक विद्यार्थ्यांना शिकवत होते आणि तेही भीतीच्या छायेत. यावर सारवासारव करण्यात अर्थ नाही. जे घडले ते घडले.

पण एवढ्याने संपूर्ण भारताचे उत्तर मिळते का? ते तपासायला बिहारला जायची गरज नाही, आपला पुणे जिल्हा पुरेसा आहे. जुन्नर, कार्ले, भाजे, बेडसे ही लेणी आपल्याच जिल्ह्यात आहेत. एकट्या जुन्नरभोवतीच्या डोंगरांत दोनशेच्या वर खोदकामे आहेत. ही लेणी मुख्यतः इसवी सनापूर्वीच्या दोन आणि नंतरच्या तीन शतकांतली. त्यानंतर जुन्नरला नवे दानलेख जवळपास थांबतात. अलाउद्दीन खिलजी देवगिरीवर आला तो 1296 साली. म्हणजे जुन्नरच्या डोंगरात छिन्नीचा आवाज थांबला तो अलाउद्दीन दख्खनमध्ये यायच्या हजारेक वर्षे आधी. महाराष्ट्रापुरते तरी तलवारीचे उत्तर तारखेपाशीच अडते.

मग इथे काय झाले? भिक्खू शेती करत नसे, व्यापार करत नसे. त्याचे कपडालत्ता, अन्न, पाण्याचे टाके यांचा खर्च कुणीतरी उचलत होते. तो कसा, हे नाशिकच्या लेण्यातला एक शिलालेख स्वच्छ सांगतो. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याने लेणे दान दिले आणि सोबत 3000 कार्षापण नाणी गोवर्धन इथल्या कोष्ट्यांच्या दोन श्रेणींकडे कायमची ठेव म्हणून ठेवली. श्रेणी म्हणजे एका धंद्यातल्या कारागिरांचा संघ, आजच्या भाषेत सोसायटीच म्हणा. त्यातले 2000 शेकडा दरमहा एक या व्याजाने आणि 1000 शेकडा पाऊण दराने. मूळ रकमेला हात लावायचा नाही, फक्त व्याज खर्चायचे. पावसाळ्यात लेण्यात राहणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी 12 कार्षापण कपड्यासाठी मिळावेत, अशी अट होती.

आता हिशेब करून बघा. 2000 वर दरमहा 20, म्हणजे वर्षाला 240. वीस भिक्खूंना प्रत्येकी 12 दिले की बरोबर 240. एक नाणे कमी नाही की जास्त नाही. उरलेल्या हजाराच्या व्याजातून इतर किरकोळ खर्च. जुन्नरच्या लेखांतही अशाच श्रेणी भेटतात: बांबूकाम करणारे, कासार, धान्याचे व्यापारी.

या हिशेबातच कमजोरी दिसते. कोष्ट्यांचा माल खपत होता तोवर व्याज येत होते. बाजार बसला की श्रेणी बसली, श्रेणी बसली की भिक्खूचे चीवर बंद. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी घाटवाटा, व्यापार आणि लेणी यांचा हा संबंध पुण्यात राहून, पायी फिरून दाखवला. पुढे हिमांशू प्रभा राय यांनी विहार आणि श्रेणी यांच्या नात्यावर सविस्तर लिहिले, तर रामशरण शर्मा यांनी शहरे ओस पडत गेल्याची मांडणी केली. रोमशी चालणारा समुद्री व्यापार आटला, शहरे आक्रसली, विहारांचा आधार गेला, असे हे उत्तर.

उत्तर चांगले आहे, पण तेही पूर्ण नाही. रोमचा व्यापार आटल्यानंतरच, पाचव्या शतकात, अजिंठ्याला चित्रांनी मढवलेली लेणी झाली. ती वाकाटक राजा हरिषेणाच्या काळात त्याच्या मंत्र्यांच्या आणि मांडलिकांच्या पैशातून झाली. वॉल्टर स्पिंक यांच्या मते 477 च्या सुमारास हरिषेण वारला आणि पाठोपाठ कामे अर्धवट टाकून कारागीर निघून गेले. स्पिंक यांच्या नेमक्या वर्षांवर वाद आहे, पण चोविसाव्या लेण्यातले अर्धवट सोडलेले दगड कुणीही जाऊन पाहावेत. तिथे तोडफोड दिसत नाही, थांबलेले काम दिसते. पैसा व्यापाऱ्याऐवजी दरबारातून येऊ लागला की एका राजाच्या मरणाने डोंगर मुका होतो. दुसरीकडे कान्हेरीत नवव्या शतकातही, शके 799 म्हणजे इ.स. 877 पर्यंत, दानाचे लेख आहेत. म्हणजे ऱ्हास एका दिवशी, एका कारणाने झाला नाही. एकेक विहार आपापल्या आधारासह गेला.

तिसरे उत्तर ब्राह्मणी धर्माचे. गेल ऑम्वेट यांनी आपल्या कासेगावात राहून लिहिलेल्या बौद्ध धर्माच्या इतिहासात यावर भर दिला आहे, आणि जोवान्नी वेरार्दी या इटालियन अभ्यासकाने तर प्रत्यक्ष हिंसेचे पुरावे गोळा केले आहेत. जमिनी आणि गावे ब्राह्मणांना इनाम मिळू लागली, राजांना वंशावळी आणि वर्णव्यवस्था सांभाळणारे पुरोहित हवे होते, देवळे उभी राहिली. ह्यूएन त्संग सातव्या शतकात महाराष्ट्रात आला तेव्हा त्याने शंभरावर विहार आणि सुमारे पाच हजार भिक्खू नोंदले. देवळेही शंभराच्या आसपास. म्हणजे तराजू समान होता. पुढच्याच शतकात वेरूळला राष्ट्रकूट कृष्णराजाने कैलास कोरवला आणि बौद्ध लेण्यांचे काम थांबले. पण इथेही सावध राहावे लागते. ज्या उषवदाताने भिक्खूंना कपडे दिले, त्यानेच ब्राह्मणांना गायी आणि भोजने दिल्याचेही अभिमानाने कोरून ठेवले आहे. राजाने एकाला दिले म्हणजे दुसऱ्याचा द्वेष केला, असे प्रत्येक वेळी नसते. लेण्याद्रीच्या एका विहारात आज गिरिजात्मज गणपती आहे. ते लेणे हिसकावले गेले की रिकामे झाल्यावर देव आला, हे दगड सांगत नाही.

आता या सगळ्या उत्तरांची एकच परीक्षा घेऊ, आणि ती बाबासाहेबांनीच शिकवलेली आहे. ‘बौद्ध धर्माचा ऱ्हास’ या लेखात (तो त्यांच्या हयातीत छापला गेला नाही, शासनाने 1987 साली त्यांच्या इंग्रजी लेखनाच्या तिसऱ्या खंडात छापला) त्यांनी इस्लामच्या आक्रमणाला स्पष्ट दोष दिला आहे. काही लोक तेवढेच वाक्य उचलून फिरवतात. आमच्यातले काही लोक ते वाक्य लपवतात. दोन्ही बेइमानी आहे. कारण बाबासाहेब तिथे थांबत नाहीत. ते पुढे विचारतात: आक्रमण ब्राह्मणी धर्मावरही झाले, मग तो कसा टिकला? आणि त्यांचे उत्तर असे की, त्याला राजसत्तेचा आधार होता. ब्राह्मण पुरोहित जन्माने तयार होतो, भिक्खू मात्र दीक्षा देऊन घडवावा लागतो, तो मेला की त्याची जागा कोण भरणार. आणि ब्राह्मणी राजांच्या छळाला कंटाळलेले बौद्ध उपासक इस्लाममध्ये गेले.

हाच प्रश्न मी जैनांबद्दल विचारतो. तोच व्यापार, तेच राजे, तेच ब्राह्मण, तेच सुलतान. जैन साधूही दीक्षेनेच घडतो, जन्माने नाही. तरी कोल्हापूर-सांगलीकडे जैन समाज आजही शेती करतो आणि बौद्ध मात्र 1956 पर्यंत जवळजवळ दिसत नव्हता. पद्मनाभ जैनी या अभ्यासकाने याच तुलनेवर बोट ठेवले. त्यांचे म्हणणे असे की, जैन आचार्यांनी गृहस्थासाठी, श्रावकासाठी, आचाराची पुस्तकेच्या पुस्तके लिहिली. नवव्या शतकात, राष्ट्रकूटांच्याच राज्यात, जिनसेनांनी ‘आदिपुराणा’त गर्भापासून पुढचे जैन संस्कार मांडले. म्हणजे बारसे, लग्न, सगळे जैन पद्धतीने. बौद्ध उपासक मात्र दान विहाराला देई आणि लग्नाला ब्राह्मण बोलावी. विहार उभा होता तोवर तो बौद्ध. विहार बंद पडला की त्याच्या घरात बौद्ध म्हणावे असे काही उरत नव्हते.

माझे मत इथे ठरते. व्यापार, राजाश्रय आणि ब्राह्मणी दबाव यांनी महाराष्ट्रातले विहार एकेक करून रिकामे केले. घराघरात मुळे नसल्यामुळे ते पुन्हा भरले नाहीत. पूर्वेकडे पाल राजांच्या आश्रयाने मोजके महाविहार उरले होते, आणि तलवार तिथे पोचली तेव्हा ती इतकी घातक ठरली ती धर्म तेवढ्यातच साठून राहिला होता म्हणून. तलवारीचा गुन्हा त्यामुळे कमी होत नाही, पण हजार वर्षांचा हिशेब एकट्या तलवारीच्या नावावर टाकता येत नाही.

आणि हे बाबासाहेबांना ठाऊक होते. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये त्यांनी लिहिले आहे की संघात प्रवेशाची दीक्षा होती, पण गृहस्थाला धम्मात घेण्याचा वेगळा विधी नव्हता, आणि ही उणीव ऱ्हासाच्या कारणांपैकी एक ठरली. म्हणूनच 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात त्यांनी लाखो संसारी माणसांना स्वतः दीक्षा दिली आणि सोबत बावीस प्रतिज्ञा दिल्या. यापुढे कोणताही विधी ब्राह्मणाच्या हातून करणार नाही, ही प्रतिज्ञाही त्यांत आहे. जुन्नरच्या उपासकाकडे नेमके हेच नव्हते.